शेतावरच्या शेडला सोलर जोडताना: कंट्रोलरला बॅटरी खरी दिसली पाहिजे

मुरबाड तालुक्यात सरळगावच्या पुढे मामांची भातशेती आहे. शेतावर पत्र्याची शेड, एका बाजूला पेंढा, मधल्या खोलीत अवजारं आणि बियाणं, पुढे पडवी. विजेचा खांब तिथून बराच लांब, म्हणून मामांनी दोन वर्षांपूर्वी १०० वॉटचं पॅनल, एक छोटा चार्ज कंट्रोलर आणि ४० अँपिअर-अवरची बॅटरी बसवून घेतली. पहिला पावसाळा कसाबसा गेला. दुसऱ्या दिवाळीला मी गेलो तेव्हा मामा म्हणाले, "अरे, ऊन दिवसभर कडक आहे, बॅटरी तर नवीच म्हणायची, तरी रात्री दहा वाजले की लाइट जाते. पॅनल खराब आहे का बघ जरा."

पॅनल खराब नव्हतं आणि बॅटरीही तेव्हा मेलेली नव्हती. चूक जोडणीत होती, आणि नवखा माणूस हमखास करतो तीच होती. मी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये कंट्रोल पॅनलच्या वायरिंगचं काम करतो, त्यामुळे मल्टीमीटर सोबत असतोच. मामांची जोडणी आम्ही पूर्ण सोडवून पुन्हा केली. पहिल्यांदाच असं काम करणाऱ्याला नीट करता यावं म्हणून ते काम इथे क्रमाने लिहितो.

एक गोष्ट आधी समजून घ्या, बाकीचं त्यातूनच येतं. चार्ज कंट्रोलर म्हणजे पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसलेला पहारेकरी. दिवसा बॅटरी भरली की तो पॅनलचा प्रवाह आवरतो, रात्री बॅटरी फार उतरली की दिवे तोडतो. दोन्ही निर्णय तो एकाच गोष्टीवर घेतो: त्याच्या बॅटरीच्या स्क्रूंवर त्या क्षणी किती व्होल्ट दिसतात. बॅटरी प्रत्यक्षात किती भरली आहे हे कळायला त्याला दुसरा मार्ग नाही. त्याला चुकीचा आकडा दिसला तर तो प्रामाणिकपणे चुकीचाच निर्णय घेणार.

आधी हिशोब

सामान विकत घेण्याआधी रोजचा खर्च मोजा. मामांकडे १२ व्होल्टवर चालणारे ७ वॉटचे दोन एलईडी बल्ब रोज चार तास लागतात, म्हणजे ५६ वॉट-अवर. पडवीत ३ वॉटचा दिवा रात्रभर, दहा तास, म्हणजे ३०. दोन मोबाइल चार्ज करायला वाया जाणारं धरून आणखी ३०. एकूण साधारण १२० वॉट-अवर. त्याला १२ ने भागलं की १० अँपिअर-अवर. हा आकडा लक्षात ठेवा: रोज रात्री बॅटरीतून १० निघतात, आणि भरताना थोडं वाया जातं म्हणून दिवसा १२ परत घालावे लागतात.

आता पॅनल. मागच्या लेबलवर `Imp` पुढे जो आकडा असतो तो म्हणजे चांगल्या उन्हात मिळणारा प्रवाह. मामांच्या पॅनलवर तो ५.५ अँपिअर आहे. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात आपल्याकडे साधारण पाच तासांच्या पूर्ण उन्हाइतकं ऊन रोज मिळतं. पाच गुणिले साडेपाच म्हणजे सत्तावीस, त्यातून धूळ आणि तिरकं ऊन वजा करून २० ते २२ धरा. गरज १२ ची, मिळकत २० ची, उत्तम. पण जुलैत ढग आठवडा-आठवडा हटत नाहीत तेव्हा हेच पॅनल दिवसाला ५-६ अँपिअर-अवरवर येतं. तो खड्डा बॅटरी भरून काढते, पण किती दिवस? लेड-अॅसिड बॅटरी अर्ध्याखाली रोज उतरवली तर लवकर मरते, म्हणून ४० मधले २० च आपले. रात्रीचे १० या दराने ऊन अजिबात नसेल तर दोन रात्री, थोडं असेल तर तीन-चार. पावसाळ्यात दिवे कमी करावेच लागतात, ते शेवटी सांगतो.

पॅनल घेताना एकच खबरदारी. साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरवर "१२ व्होल्टचं" म्हणून विकलं जाणारं, ३६ सेलचं पॅनलच लावायचं. त्याच्या लेबलवर `Vmp`, म्हणजे पूर्ण जोरात काम करतानाचे व्होल्ट, १८ च्या आसपास आणि `Voc`, म्हणजे काहीच न जोडता मिळणारे मोकळे व्होल्ट, २२ च्या आसपास असतो. घरांच्या गच्चीवर लागतात ती मोठी पॅनलं कुणी स्वस्तात देऊ केली तरी इथे नकोत. त्यांचा `Voc` बरेचदा ४०-५० व्होल्टच्या घरात असतो, तेवढा दाब छोट्या कंट्रोलरला सोसत नाही, आणि सोसला तरी जास्तीचे व्होल्ट फुकट जातात. पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनलला सरळ बॅटरीला जोडतो, त्यामुळे पॅनलही बॅटरीच्याच १३ व्होल्टवर चालतं. ५.५ गुणिले १३ म्हणजे सत्तरएक वॉट. १०० वॉटच्या पॅनलकडून ७० च मिळतात म्हणून दुकानदाराशी भांडू नका, हे असंच चालतं. एमपीपीटी कंट्रोलर यातला काही भाग वाचवतो, पण तो महाग, आणि आपल्या उन्हात तापलेल्या पॅनलचा `Vmp` १८ वरून साडेपंधराच्या आसपास येत असल्याने वाचण्यासारखंही कमी उरतं. एका छोट्या पॅनलला पीडब्ल्यूएम पुरे.

बॅटरी ट्यूब्युलर घ्या, सोलरसाठी म्हणून मिळते ती. गाडीची बॅटरी क्षणभर जोराचा प्रवाह देऊन इंजिन फिरवायला केलेली असते. तिच्या पातळ प्लेटा रोज खोल उतरणं सोसत नाहीत.

याशिवाय लागतं ते हे: १० अँपिअरचा कंट्रोलर, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची सोलर केबल, १५ अँपिअरचा गाडीत असतो तसा पट्टी फ्यूज होल्डरसकट, पॅनलच्या वायरवर लावायला डीसीचा दोन पोलचा एमसीबी, बॅटरीच्या बोल्टला बसणारे थिंबल आणि एक साधा मल्टीमीटर. एमसीबी घेताना "डीसी" असं स्पष्ट सांगा. घरातला एसीचा एमसीबी डीसीची ठिणगी नीट तोडेलच असं नाही. हे सगळं मुंबईत लोहार चाळीत मिळतं, कल्याणलाही मिळतं. मल्टीमीटरवर पैसे वाचवू नका, कारण पुढचं सगळं काम त्याच्या भरवशावर आहे.

पॅनल छपरावर

पॅनल दक्षिणेकडे तोंड करून, साधारण २० अंश उताराने. एक मीटर लांबीला मागची बाजू ३५ सेंटिमीटर वर आली की २० अंश झाले, मात्र हे सपाटीवरचं माप आहे. पत्र्याचा स्वतःचा उतार त्यात धरा. दक्षिण शोधायची जुनी रीत म्हणजे सरळ काठी रोवून दुपारी साडेबारा-पाऊणच्या सुमाराला तिची सर्वात आखूड सावली बघणं. ती बरोबर उत्तरेकडे पडते. मे-जूनमध्ये सूर्य थेट डोक्यावर असल्याने ही रीत चालत नाही, तेव्हा मोबाइलमधलं होकायंत्र वापरा.

सावलीचा विचार डिसेंबर डोळ्यांसमोर ठेवून करा. तेव्हा सूर्य दक्षिणेला खाली गेलेला असतो आणि आपल्या भागात भरदुपारीही सावली झाडाच्या उंचीइतकीच लांब पडते. मे महिन्यात जिथे लख्ख ऊन आहे तिथेच डिसेंबरात दक्षिणेकडच्या आंब्याची सावली येते. पॅनलच्या कोपऱ्यावर पडलेली थोडी सावलीही महागात पडते, कारण आतले सेल माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. एक सेल झाकला गेला की त्या माळेतून जाणारा सगळा प्रवाह अडतो. मामांच्या शेडवर सागाचं एकच पान पॅनलवर येऊन चिकटलं होतं, दोन तळव्यांएवढं. ते काढल्याबरोबर कंट्रोलरवरचा प्रवाह जवळजवळ दुप्पट झाला.

लोखंडी अँगलची चौकट पत्र्याखालच्या वाशाला हुक बोल्टने धरा. भोक नेहमी पन्हळीच्या उंचवट्यावर पाडायचं, पाणी वाहतं त्या खाचेत नाही, आणि वर रबरी वॉशर. पॅनल आणि पत्रा यांच्यात किमान एक वीत मोकळी ठेवा. तापल्या पत्र्याला टेकलेलं पॅनल आणखी तापतं आणि त्याचे व्होल्ट आणखी उतरतात. वाऱ्याचा जोर खालून वर असतो, म्हणून बोल्ट कमी करू नका.

वायर खाली आणताना आधी खाली एक झोळ देऊन मग भिंतीत घ्या, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत आत येत नाही. आत पूर्ण लांबी पीव्हीसी पाइपातून. बियाण्याच्या खोलीत उंदीर असणारच, आणि कुरतडलेली वायर पेंढ्याशेजारी असणं किती वाईट हे वेगळं सांगायला नको.

बॅटरी आणि कंट्रोलरची जागा

मामांच्या शेडमध्ये सगळा घोटाळा इथेच झाला होता. कंट्रोलर पडवीत खाटेजवळ लावला होता, आकडे पडल्या पडल्या दिसावेत म्हणून. बॅटरी होती मागच्या खोलीत. दोघांमध्ये सहा मीटर वायर, तीही दीड चौरस मिलिमीटरची.

सहा मीटर जायला आणि सहा मीटर यायला, म्हणजे १२ मीटर तांबं. त्या जाडीच्या वायरीचा एवढ्या लांबीचा रोध होतो साधारण ०.१६ ओहम. दुपारी ५.५ अँपिअर वाहत असताना ०.१६ गुणिले ५.५, म्हणजे जवळजवळ ०.९ व्होल्ट वायरीतच खर्च होतात. कंट्रोलरच्या स्क्रूंवर १४.४ दिसतात, तो समजतो बॅटरी भरत आली आणि प्रवाह आवरायला लागतो. तेव्हा बॅटरीच्या बोल्टांवर मी मोजले तर १३.६ होते. आवरलेल्या प्रवाहाने ती पुढे हळूहळू भरते, पण तोवर ऊन उतरतं. रोज थोडी उपाशी राहते.

रात्री उलटं. दिवे आणि मोबाइल मिळून तीनेक अँपिअर जातात तेव्हा त्याच वायरीत अर्धा व्होल्ट पडतो. बॅटरीवर ११.६ असले तरी कंट्रोलरला ११.१ दिसतात आणि तो दिवे तोडतो. मामांची लाइट दहाला जात होती ती अशी. दिवसा अर्धपोटी भरलेली बॅटरी, आणि रात्री कंट्रोलरला ती आहे त्याहून रिकामी दिसायची.

म्हणून नियम असा: कंट्रोलर बॅटरीच्या एका मीटरच्या आत आणि मधली वायर ४ चौरस मिलिमीटरची. एवढ्यात पडणारे व्होल्ट मोजायलाही अवघड जातात. पॅनलपासून कंट्रोलरपर्यंतची वायर आठ-दहा मीटर झाली तरी चालते, कारण तिथे पॅनलकडे दोन-तीन व्होल्ट शिलकीचे असतात. लांबी द्यायचीच तर पॅनलच्या बाजूला द्या.

बॅटरी जमिनीवर न ठेवता लाकडी फळीवर, हवा खेळती राहील अशा जागी ठेवा. भरताना ती हायड्रोजन सोडते, म्हणून बंद पेटीत नको आणि पेंढ्याजवळ मुळीच नको. कंट्रोलर तिच्या बरोबर वर न लावता बाजूच्या भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीला लावा. वर लावला तर आम्लाची वाफ त्यालाच खाते. शेडमध्ये गुरं असतील तर दोन्ही गोठ्यापासून वेगळ्या खोलीत. मुताच्या अमोनियाने तांब्याचे जोड हिरवे पडून सैल होतात.

जोडणीचा क्रम

सकाळी सगळं मांडून ठेवा, पॅनलवर त्याचंच खोकं उलगडून दोरीने बांधा, म्हणजे काम चालू असताना वायरींत प्रवाह नसेल. पॅनलचा एमसीबी बंद, फ्यूज होल्डरमधून काढून खिशात. बॅटरीत आम्ल आहे तेव्हा चष्मा लावा, आणि हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. पाना दोन्ही बोल्टांना एकाच वेळी टेकला तर लाल होतो.

पहिली बॅटरी. आधी वायरीची टोकं कंट्रोलरवर बॅटरीचं चित्र असलेल्या दोन स्क्रूंत घट्ट बसवा, मग दुसरी टोकं थिंबल लावून बॅटरीच्या बोल्टांवर. फ्यूज होल्डर अधिकच्या वायरीवर, बॅटरीपासून एका वितीच्या आत. तो इतक्या जवळ का, तर शॉर्ट झाल्यावर प्रवाह बॅटरीतून येतो. फ्यूज कंट्रोलरजवळ लावला तर त्याच्या आणि बॅटरीच्या मधली वायर उघडीच राहिली. ४० अँपिअर-अवरची बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर देऊ शकते. आता मल्टीमीटर कंट्रोलरच्या बाजूला लावून अधिक-उणे बरोबर आहे याची खात्री करा आणि मगच फ्यूज घाला. स्क्रीन उजळते आणि १२ च्या वरचा एखादा आकडा दिसतो.

बॅटरीच पहिली का? बाजारातले अनेक कंट्रोलर १२ आणि २४ व्होल्ट दोन्हींवर चालतात, आणि आपण कुठे आहोत हे सुरू होताना दिसलेल्या व्होल्टवरून ठरवतात. बॅटरी नसताना पॅनल आधी जोडलं तर त्याला २० व्होल्ट दिसतात आणि तो स्वतःला २४ च्या घरात समजू शकतो. नंतर १२ ची बॅटरी आली की तिला तो भरतच राहतो, थांबायचा आकडा कधी येतच नाही. स्क्रीनवर १५ च्या वर आकडा आणि बॅटरीतून सतत उकळल्यासारखा आवाज, ही त्याची खूण. दुसरा धोका दिव्यांना. मध्ये बॅटरी नसली की पॅनलचे मोकळे व्होल्ट काही कंट्रोलरांतून थेट बल्बवर जातात. शेजारच्या वाडीवर एकाने भर दुपारी असंच जोडलं आणि तिन्ही बल्ब एकदम गेले.

दुसरं, सेटिंग. पॅनल जोडण्याआधीच बॅटरीचा प्रकार निवडून घ्या. छोट्या कंट्रोलरांवर तो `b1`, `b2`, `b3` असा दिसतो आणि इथे फसगत होते. एका कंट्रोलरवर या तिन्ही वेगवेगळ्या लेड-अॅसिड बॅटऱ्या असतात, दुसऱ्यावर `b2` आणि `b3` लिथियमसाठी असतात. आठवणीवर जाऊ नका, त्या खोक्यातला कागदच वाचा. पाणी घालायच्या ट्यूब्युलर बॅटरीला भरण्याची मर्यादा १४.४ च्या आसपास आणि भरल्यानंतर टिकवायचे व्होल्ट १३.७ च्या आसपास हवेत. बॅटरीच्या कागदावर वेगळं असेल तर तेच धरा. दिवे तोडण्याचा आकडा कारखान्यातून बरेचदा १०.७ किंवा ११.१ वर येतो. तो बॅटरीसाठी फार खाली आहे. मामांचा मी ११.९ वर आणला, आणि पुन्हा जोडण्याचा १२.६ वर.

तिसरं पॅनल. पॅनलच्या वायरींच्या टोकांना असलेल्या एमसी-४ कनेक्टरचा आकार बघून अधिक-उणे ठरवू नका. मागच्या टोकाला दुसऱ्या कुणी वायर उलटी दाबलेली असू शकते. खोकं काढा आणि एमसीबीच्या पॅनलकडच्या बाजूला मोजा. उन्हात २० च्या आसपास आणि चिन्ह अधिक, म्हणजे बरोबर. पुन्हा झाका, कंट्रोलरच्या पॅनलच्या स्क्रूंत वायरी बसवा, खोकं काढा, एमसीबी चालू करा. स्क्रीनवर पॅनलकडून बॅटरीकडे बाण चालू होतो आणि १२.४ वर असलेली बॅटरी काही मिनिटांत १३ कडे सरकते.

इथे नवखे घाबरतात. आता पॅनलच्या स्क्रूंवर मोजलं तर २० नाही, १३ दिसतात. पॅनल बिघडलेलं नाही. पीडब्ल्यूएम त्याला बॅटरीच्या पातळीवर खेचून ठेवतो हे वर सांगितलं ते हेच.

शेवटी दिवे. बल्बच्या दोन्ही वायरी, अधिकही आणि उणेही, कंट्रोलरच्या बल्बचं चित्र असलेल्या स्क्रूंवरच आणायच्या. बरेच स्वस्त कंट्रोलर आतून तिन्ही अधिक स्क्रू एकत्र जोडतात आणि तोडजोड उणे बाजूला करतात. अशा कंट्रोलरला बल्बची उणे वायर जवळ पडते म्हणून बॅटरीच्या उणे बोल्टवर नेली तर कंट्रोलर ती तोडूच शकत नाही. दिवे बॅटरी पार रिकामी होईपर्यंत जळत राहतात. गाडीसारखं सगळ्या उणे वायरी एकत्र बांधायची सवय असलेला मिस्त्री ही चूक हटकून करतो. कुठे इन्व्हर्टर लावायचा झाला तर मात्र तो या स्क्रूंवर नाही. तो सुरू होताना घेतो तो झटका छोट्या कंट्रोलरला जाळतो. इन्व्हर्टर सरळ बॅटरीवर, स्वतःच्या वेगळ्या फ्यूजमधून. आणि ही सगळी जोडणी महावितरणच्या मीटरवरच्या वायरिंगशी कुठेही एकत्र करायची नाही.

सोडवताना क्रम उलटा: आधी दिवे, मग पॅनलचा एमसीबी, आणि बॅटरी सर्वांत शेवटी. चालू उन्हात एमसी-४ ओढून काढायचा नाही, डीसीची ठिणगी विझत नाही, ती ताणली जाते. मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की एमसीबी खाली करून ठेवा, आणि पॅनलच्या चौकटीला जमिनीत गाडलेल्या सळईपर्यंत जाड अर्थिंग वायर द्या.

बिघाड ओळखायचा कसा

दिवे लवकर गेले की दोन ठिकाणी मोजा, दिवे चालू असताना: बॅटरीच्या बोल्टांवर आणि कंट्रोलरच्या बॅटरीच्या स्क्रूंवर. दोन आकड्यांत ०.१ पेक्षा जास्त फरक असेल तर दोष मधल्या वायरीत, फ्यूज होल्डरमध्ये किंवा सैल स्क्रूत आहे. हात लावून बघा, सैल जोड कोमट लागतो. मामांकडे हा फरक अर्धा व्होल्ट होता आणि तिथेच कोडं सुटलं.

फरक नसेल तर बॅटरीकडे या. सकाळी नऊलाच आकडा १४.४ वर चढला, पण संध्याकाळी दिवे लावल्याबरोबर १२ च्या खाली आला, तर बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसला आहे. तिच्यात जागाच उरलेली नाही. महिनोन्‌महिने अर्धवट भरलेली राहिल्यावर हे होतं. मामांच्या बॅटरीत याची सुरुवात झाली होती. दोन आठवडे दिवे जवळपास बंद ठेवून रोज पूर्ण भरू दिली तेव्हा ती बरीच सुधारली, नव्यासारखी मात्र झाली नाही. पाण्याची पातळी महिन्याला बघा आणि फक्त डिस्टिल्ड पाणी घाला. विहिरीच्या पाण्यातले क्षार प्लेटा खातात.

दोन्ही ठीक, पण दुपारी बाराला प्रवाह दोन-तीन अँपिअरच आणि बॅटरीही भरलेली नाही? मग शिडी लावून छपरावर बघा. धूळ, पक्ष्यांची घाण, एखादं पान. सकाळी पॅनल थंड असताना साध्या पाण्याने धुवा. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर ती तडकू शकते.

काम झाल्यावर मी मामांना एकच सवय लावायला सांगितली. सकाळी उठल्यावर, ऊन यायच्या आत, दिवे बंद करून थोड्या वेळाने स्क्रीनवरचा आकडा बघायचा आणि बियाण्याच्या वहीत तारखेपुढे लिहायचा. १२.७ म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. डिसेंबरात त्यांच्या वहीत १२.५, १२.५, १२.६ असे आकडे आले. या जुलैत ते खाली येत १२.२ ला टेकले, आणि मामांनी त्या रात्रीपासून पडवीचा दिवा रात्रभर न ठेवता नऊपर्यंतच ठेवला, एका मोबाइलचं चार्जिंग गावातल्या घरी नेलं. चौथ्या दिवशी ढग थोडे फाकले आणि वहीत पुन्हा १२.४ आले.